तीन गजर आणि उद्याचा तास: द्विशिक्षकी शाळेतील पहिल्या सत्राचा अनुभव

१६ जून २०२५ रोजी शाळा भरली, तेव्हा राजापूर तालुक्यातील खाडीकाठच्या एका गावातील द्विशिक्षकी शाळेत तिसरी आणि चौथी हे दोन वर्ग माझ्याकडे आले. पहिली आणि दुसरी मुख्याध्यापक गुरुजींकडे होती. तिसरीत आठ आणि चौथीत अकरा मुले, म्हणजे माझा एकूण पट १९. पट लहान असला तरी दोन इयत्तांचे विषय एकाच खोलीत, एकाच वेळी चालवायचे असतात. एका इयत्तेला फळ्यापाशी शिकवत असताना दुसऱ्या इयत्तेच्या हातात स्वतः करण्याजोगे काम आधीच पडलेले असावे लागते. ते काम आदल्या संध्याकाळी ठरलेले नसेल तर सकाळी वर्गात उभे राहून सुचत नाही, आणि रिकाम्या बसलेल्या अकरा मुलांचा आवाज शिकणाऱ्या आठ मुलांच्या तासात मिसळतो.

मी मूळची सोलापूर जिल्ह्यातील. शिक्षणसेवक म्हणून स्वतंत्रपणे वर्ग सांभाळण्याचे हे माझे पहिलेच वर्ष होते. संध्याकाळी रोज तीन कामे समोर येत: दुसऱ्या दिवशीचे टाचण लिहिणे, मुलांचे लेखन तपासणे आणि उद्याच्या तासाचे साहित्य जमवणे. या तिन्ही कामांची आठवण वेळेवर व्हावी यासाठी मी जूनपासून दिवाळीपर्यंत जी व्यवस्था हळूहळू बसवत गेले, तिची हकीकत येथे क्रमाने लिहीत आहे. बहुवर्ग अध्यापन नव्याने हाती घेणाऱ्या शिक्षकांना तिचा उपयोग व्हावा एवढाच हेतू आहे.

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात माझ्या फोनवर रात्री आठचा एकच गजर होता आणि त्याचे नाव होते ‘उद्याची तयारी’. गजर रोज वाजत होता, पण त्याने काम पुढे सरकत नव्हते. ‘तयारी’ या शब्दात तिन्ही कामे एकत्र बांधलेली असल्यामुळे सुरुवात कशाने करायची हे रोज नव्याने ठरवावे लागे. त्यातून बहुधा हाताशी असलेले काम आधी होई, म्हणजे टाचण, कारण वही समोर असे. टाचणाच्या वहीत दिनांक, तासिका, विषय, घटक, अध्ययन निष्पत्ती, अध्ययन अनुभव, मूल्यमापन आणि शैक्षणिक साहित्य असे रकाने असतात, आणि आमच्या वहीत साहित्याचा रकाना सर्वांत शेवटी आहे. साडेआठ वाजता चौथीच्या अपूर्णांकाच्या तासासाठी त्या रकान्यात ‘रंगीत कागदाच्या समान पट्ट्या’ असे लिहिले जाई. तोपर्यंत शाळेला कुलूप लागून साडेतीन तास झालेले असत आणि गावातले वह्या-कागदांचे एकमेव दुकान दिवेलागणीलाच बंद झालेले असे. त्यात पावसात वीज गेली की उरलेली तपासणी सकाळवर जाई, आणि सकाळी मुले आल्यावर तपासणी होतच नाही.

हे मी गुरुजींना सांगितले, तेव्हा त्यांनी माझी वही उघडून त्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवले. “बाई, रकाना शेवटी आहे म्हणून तुम्ही तो शेवटी भरता. पण साहित्य लागते सगळ्यात आधी. कपाट उघडे आहे तोवर त्याच्याकडे बघून घेत जा, टाचण घरी गेल्यावर लिहा,” असे ते म्हणाले. त्यांच्या या बोलण्यामुळे गजराची वेळ आणि जागा या दोन्हींचा मी एकत्र विचार करू लागले. साहित्याची आठवण शाळेतच व्हायला हवी, तपासणीची आठवण उजेड आणि वीज असेपर्यंत व्हायला हवी, आणि टाचण तपासणीनंतरच यायला हवे, कारण मुलांचे काय चुकले हे कळल्याशिवाय उद्या काय शिकवायचे ते ठरत नाही. जुलैच्या सुरुवातीला एका गजराचे मी तीन केले.

पहिला गजर दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी शाळेत वाजतो. आमची शाळा साडेदहाला भरते आणि पाचला सुटते. चार चाळीसच्या सुमारास शेवटची तासिका संपत आलेली असते, मुले दप्तरे भरत असतात आणि खोली झाडली जात असते. पाच वीसच्या एसटीने मला खोलीवर जायचे असते, त्यामुळे पाचनंतरचा गजर उपयोगाचा नाही. या गजराचे नाव मी ‘कपाट’ एवढेच ठेवले आहे, आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस प्लॅस्टिकच्या पाकिटात एक पुठ्ठा लावला आहे. त्यावर तीन प्रश्न लिहिले आहेत: उद्या टेबलावर काय हवे? परवा असे काय लागेल जे शाळेत नाही? उद्या दुसऱ्या इयत्तेच्या हातात काय द्यायचे?

यातला मधला प्रश्न सर्वांत उपयोगी ठरला. शाळेत असलेली वस्तू आदल्या दिवशी काढून ठेवली तरी चालते, पण बाहेरून आणायच्या वस्तूला किमान एक संध्याकाळ जास्त लागते. घोटीव कागद, कार्डशीट, रंगीत खडू हे गावच्या दुकानात मिळते. राजापूरहून काही आणायचे असेल तर शनिवारची सकाळची शाळा सुटेपर्यंत थांबावे लागते. म्हणून शनिवारी मी पुढच्या आठवड्याचे घटक मासिक नियोजनात पाहून फक्त बाहेरच्या वस्तूंची यादी करते, आणि रोजच्या चार चाळीसच्या गजराला परवाच्या दिवसापुरती ती यादी डोळ्यांखालून घालते.

टेबलावर साहित्य काढण्याचे काम मी शालेय मंत्रिमंडळातील चौथीच्या दोन मुलांकडे दिले. मी नाव सांगते, ती वस्तू कपाटातून काढून प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये ठेवतात आणि ट्रेवर जुनी ओढणी झाकतात. पावसाळ्यात ही ओढणी फार महत्त्वाची आहे, कारण आमच्याकडे कौलांतून झिरपणारे पाणी कोठे पडेल याचा भरवसा नसतो. मुलांनी साहित्य काढल्याने एक गोष्ट आपोआप होते. उद्या कशाचा तास आहे हे त्यांना आदल्या दिवशीच कळते, आणि नाणी किंवा मोजपट्ट्या ट्रेमध्ये दिसल्या की ती घरी जाऊन त्याबद्दल बोलतात.

दुसरा गजर संध्याकाळी साडेसहाचा आणि त्याचे नाव ‘पाव कागद’. घरी वह्यांचे गठ्ठे नेणे मी जुलैत बंद केले. एकोणीस मुलांच्या वह्या एसटीतून नेताना भिजतात, शिवाय वही माझ्याकडे राहिली तर मुलाला घरी अभ्यास करता येत नाही. वह्या मी वर्गातच, शक्यतो मुलाला शेजारी उभे करून तपासते आणि सही-दिनांक टाकते. घरी येतो तो फक्त पाव कागद. तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत मी फळ्यावर एकच उदाहरण किंवा एकच प्रश्न देते, आणि मुले एका बाजूने वापरलेल्या कागदाच्या चौथ्या हिश्शावर नाव टाकून तो सोडवून देतात. एका दिवशी एकाच इयत्तेचा, एकाच विषयाचा पाव कागद घ्यायचा असा नियम ठेवल्याने संध्याकाळी आठ किंवा अकरा कागद हाती येतात आणि साधारण वीस मिनिटांत ते वाचून होतात. एवढे झाले की तपासणी संपली. गजराला असा शेवट असणे मला आवश्यक वाटते. ‘तपासणी’ असे मोघम लिहिले की ते काम कधी संपले हे कळत नाही आणि ते टाळले जाते.

पाव कागदाने दुसऱ्या दिवसाचे टाचण कसे बदलते याचे एक उदाहरण सविस्तर देते. २२ जुलै, मंगळवारी तिसरीत तीन अंकी संख्यांची हातच्याची वजाबाकी झाली होती आणि शेवटी मी ४०३ वजा १५८ हे उदाहरण दिले. उत्तर २४५ यायला हवे. संध्याकाळी मी आठ कागदांना बरोबर-चूक अशा खुणा न करता उत्तरांप्रमाणे त्यांचे ढीग केले. तीन कागदांवर २४५ होते. दोघांनी ३५५ लिहिले होते, दोघांनी २०५ आणि एकीने २५५. पाच जणांचे उत्तर चुकले एवढेच पाहिले असते तर दुसऱ्या दिवशी तीच रीत फळ्यावर पुन्हा एकदा करून दाखवली असती, आणि त्याने बहुधा कोणाचेच भले झाले नसते.

३५५ लिहिणाऱ्या मुलांनी हातचा घेतलेलाच नव्हता. एककाच्या घरात ३ मधून ८ जात नाहीत, म्हणून त्यांनी ८ मधून ३ वजा केले. दशकाच्या घरात ५ मधून ० वजा केले. शतकाच्या घरात ४ मधून १ गेला. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा, वर कोणता आणि खाली कोणता हे पाहायचे नाही, ही त्यांची पक्की समजूत होती. ही अडचण शून्यामुळे आलेली नव्हती, ती दोन अंकी वजाबाकीपासूनच सोबत आली होती. २०५ लिहिणाऱ्यांची गोष्ट वेगळी होती. त्यांना हातचा घ्यायचा असतो हे ठाऊक होते, पण दशकाच्या घरात शून्य दिसल्यावर त्यांनी तो शतकाच्या घरातून थेट एककाच्या घरात आणला. १३ मधून ८ गेले, ५ उरले. दशकात ० मधून ५ जात नाहीत म्हणून ० लिहिले. शतकात ३ मधून १ जाऊन २ उरले. २५५ लिहिणाऱ्या मुलीनेही हातचा असाच आणला होता, फक्त दशकाच्या घरात तिने ५ मधून ० वजा केले होते. म्हणजे एकाच उदाहरणात दोन निराळे रोग दिसत होते आणि त्यांना दोन निराळी औषधे लागणार होती.

मासिक नियोजनानुसार २३ जुलैला शाब्दिक उदाहरणे घ्यायची होती. मी टाचण बदलले. ३५५ वाल्या दोघांसाठी ७२ वजा ३८ हे दोन अंकी उदाहरण काड्यांच्या गठ्ठ्यांनी करायचे ठरवले: सात दशक आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवायच्या, त्यातून आठ सुट्या मागायच्या, आणि त्या देता येत नाहीत हे मुलाच्याच तोंडून यायला हवे. बाकीच्या तिघांसाठी शंभराचा गठ्ठा सोडून दाखवायचा होता. ४०३ म्हणजे शंभराचे चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या. शंभराचा एक गठ्ठा सोडला की दहाचे दहा गठ्ठे मिळतात, त्यातला एक सोडला की दहा सुट्या काड्या मिळतात. आता समोर शंभराचे तीन, दहाचे नऊ आणि तेरा सुट्या. तेरातून आठ, नवातून पाच, तीनातून एक काढला की २४५ उरतात. दशकाच्या घरात शून्याच्या जागी नऊ कोठून आले, हे फळ्यावर सांगून पटत नाही. गठ्ठा हाताने सोडावा लागतो. ज्या तिघांचे बरोबर आले होते त्यांना ‘बागेत ४०३ नारळ उतरवले, १५८ विकले’ अशा धर्तीची उदाहरणे स्वतः तयार करून एकमेकांना सोडवायला द्यायची होती. त्याच वेळी चौथीच्या मुलांना गुणाकाराचा कागद मिळणार होता. त्याची उत्तरे मागच्या बाजूस लिहिलेली असतात, म्हणजे माझ्याकडे न येता मुलांना स्वतःच पडताळून पाहता येते.

येथे पहिल्या आणि दुसऱ्या गजराचा मेळ बसत नव्हता. काड्या लागणार हे मला पावणेसातला घरी कळत होते, आणि साहित्य काढायची वेळ चार चाळीसला होऊन गेलेली असे. यावर उपाय म्हणून आम्ही वर्गात एक कायमची पेटी ठेवली. मासळीचा बर्फ ठेवण्यासाठी वापरलेला, फुटलेल्या झाकणाचा थर्माकोलचा खोका एका पालकांनी स्वच्छ धुऊन दिला, त्यात एक-दहा-शंभराच्या काड्या, खेळण्यातल्या नोटा, अक्षरकार्डे, दोरी, मोजपट्टी आणि घड्याळाची तबकडी असते. ही पेटी नियोजनात नसलेल्या दिवसासाठी आहे, त्यामुळे ती कपाटात जात नाही आणि पहिल्या गजराच्या हिशेबातही येत नाही.

काड्यांसाठी विकत काहीच घ्यावे लागले नाही. माझ्या गावाकडे आम्ही ज्वारीच्या धाटाच्या काड्या वापरत असू. येथे माडाच्या झावळीचे हीर मिळतात. मुलांनी घरून हीर आणले, बोटभर लांबीचे तुकडे केले आणि दहा-दहांचे गठ्ठे बांधले. पहिल्यांदा आम्ही ते रबराने बांधले होते, पण येथील दमट हवेत रबर महिन्याभरात चिकट होऊन तुटू लागले. नंतर दहाच्या गठ्ठ्याला रंगीत लोकर आणि शंभराच्या गठ्ठ्याला सुतळी वापरली, आणि गाठ ओढताच सुटेल अशी सरगाठ ठेवली. हीर ओले असताना बांधले तर आत बुरशी धरते, म्हणून आधी चुलीच्या वरच्या उतवावर दोन-तीन दिवस वाळवून घ्यावेत, असे एका मुलाच्या आजीने सांगितले आणि ते खरे ठरले.

तिसऱ्या कामाला, म्हणजे टाचणाला, मी वेळेचा गजर ठेवलेला नाही. पाव कागदांचे ढीग टाचणाच्या वहीवरच करायचे, म्हणजे कागद उचलले की खाली वही असतेच, ही त्याची आठवण. तिसरा गजर रात्री साडेआठचा आहे, पण तो आठवणीचा नसून थांबण्याचा आहे आणि त्याचे नाव ‘वही मिटा’ असे आहे. पूर्वी टाचण दहा-साडेदहापर्यंत लांबत असे, कारण प्रत्येक तासिकेचे वर्णन मी सविस्तर लिहीत होते. आता प्रत्येक तासिकेला तीन ओळी एवढीच मर्यादा ठेवली आहे: शिकवण्याची पहिली कृती, दुसऱ्या इयत्तेचे स्वयंअध्ययनाचे काम आणि शेवटचा प्रश्न. अध्ययन निष्पत्ती घटक नियोजनात लिहिलेली असते, तिचा क्रमांक टाचणात टाकला तर चालतो, हे गुरुजींनी मला दाखवले. प्रत्येक तालुक्यात ही पद्धत सारखी नसते, तेव्हा आपल्या केंद्रप्रमुखांना आधी विचारून घ्यावे.

दिनांकाचा रकाना मी रात्री भरत नाही. पावसाळ्यात हवामान खात्याचा लाल इशारा आला की जिल्हाधिकारी दुसऱ्या दिवशीची सुट्टी जाहीर करतात आणि तो निरोप कधी रात्री उशिरा, कधी सकाळी येतो. रात्रीच दिनांक टाकला की खाडाखोड करावी लागते, आणि खाडाखोड झालेले टाचण तपासणीत प्रश्न निर्माण करते. सकाळी हजेरी झाल्यावर दिनांक टाकते आणि परिपाठाआधी गुरुजींची सही घेते. सुट्टी पडली तर तेच टाचण पुढच्या दिवशी जसेच्या तसे वापरता येते, ट्रेमधले साहित्यही झाकलेले तयार असते.

ऑगस्टमध्ये केंद्रप्रमुख शाळाभेटीला आले. त्यांनी टाचण आणि मासिक नियोजन शेजारी ठेवून पाहिले आणि तिसरीचे गणित नियोजनाच्या मागे का, असे विचारले. मी २२ जुलैचे कागद आणि त्यानंतर आठवड्याने घेतलेले कागद दाखवले. दुसऱ्या वेळी ५०२ वजा २६७ हे उदाहरण दिले होते आणि सहा मुलांनी २३५ हे बरोबर उत्तर काढले होते. ते समाधानाने म्हणाले, “नियोजन बदलायला हरकत नाही, पण बदल नियोजनातच दिसला पाहिजे. शेरा रकान्यात दिनांक आणि कारण लिहा, म्हणजे कागद शोधावे लागणार नाहीत.” त्याप्रमाणे शेरेपुस्तकात नोंद झाली. तेव्हापासून तास बदलला की मी त्याच रात्री मासिक नियोजनाच्या शेरा रकान्यात एक ओळ लिहिते. कागद इयत्तेनुसार दोन फाइलींत, मुलांच्या नावांप्रमाणे लावलेले असतात.

फोनबद्दल थोडे सांगायला हवे, कारण अनेकांना अडचण तेथेच येते. सुरुवातीला मी आठवणी कॅलेंडरच्या अ‍ॅपमध्ये लावल्या होत्या. बॅटरी बचत चालू असताना त्या सूचना कधी उशिरा येत, कधी फोन हातात घेतल्यावरच दिसत. घड्याळाच्या अ‍ॅपमधला साधा गजर मात्र वेळेवर वाजतो, त्याला नेटवर्क लागत नाही, आणि प्रत्येक गजराला नाव देता येते व आठवड्याचे वार निवडता येतात. मी चार चाळीस आणि साडेसहाचे गजर सोमवार ते शुक्रवार ठेवले आहेत. शनिवारी शाळा सकाळची असल्याने ‘कपाट’ हा गजर शाळा सुटण्याच्या वीस मिनिटे आधी वाजतो आणि त्या वेळी सोमवारचे साहित्य निघते. गजर बंद करून कामाला नंतर लागू असे मनात आले तर मी तो बंद न करता दहा मिनिटे पुढे ढकलते. काम सुरू केल्यावरच तो पूर्ण बंद करायचा, एवढे पथ्य पाळते. वीज जाण्याचा प्रश्न पाव कागदांमुळे बराच सुटला, कारण आठ कागद बॅटरीच्या उजेडातही वाचता येतात.

ही व्यवस्था काही दिवशी चालत नाही, हेही नमूद करते. केंद्राची शिक्षण परिषद, प्रशिक्षण किंवा निवडणुकीचे काम असलेल्या दिवशी घरी पोहोचायला रात्र होते. अशा दिवशी तिन्ही कामे अर्धवट करण्यापेक्षा मी एकच पूर्ण करते, आणि ते म्हणजे साहित्य. ते आदल्या दिवशीच काढून ठेवता येते, किंवा गुरुजींना फोन करून सांगता येते. पाव कागद त्या दिवशी घेतच नाही. साहित्य समोर असले की दोन ओळींच्या टाचणावरही तास नीट होतो. उलट मात्र घडत नाही. गणेशोत्सवाच्या आधीच्या आठवड्यातही असेच करावे लागते. २७ ऑगस्टला गणपती होते, त्याच्या आधीपासूनच मुंबईकर गावी येऊ लागले, घरोघरी रंगकाम आणि माटवीची तयारी सुरू झाली आणि हजेरी कमी झाली. त्या दिवसांत नवा घटक सुरू केला नाही, राहिलेल्या मुलांचे जुने पाव कागद पुन्हा सोडवून घेतले.

सत्राच्या शेवटी आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी करताना या कागदांचा मोठा आधार झाला. तिसरी-चौथीला आकारिक मूल्यमापनाला ६० आणि संकलित मूल्यमापनाला ४० टक्के भारांश असतो, आणि आकारिक भागात वर्णनात्मक नोंदी मुलागणिक लिहाव्या लागतात. ‘गणितात प्रगती आहे’ असे सर्वांना सारखे लिहिण्याऐवजी ‘दशकस्थानी शून्य असताना शतक सोडवून हातचा घेते’ अशी नोंद कागद पाहून करता आली. यासाठी मी शुक्रवारच्या साडेसहाच्या गजराला त्या आठवड्यातील चार मुलांच्या नोंदी लिहीत गेले, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये रात्री जागावे लागले नाही.

खर्चाचे म्हणाल तर प्लॅस्टिकचा ट्रे नव्वद रुपये, दोन फाइली साठ रुपये, लोकर आणि सुतळी मिळून पन्नास रुपये, पाकीट आणि पुठ्ठा शाळेतलाच. शिक्षणसेवकाच्या सोळा हजारांच्या मानधनात हा खर्च झेपण्यासारखा आहे. कार्डशीट आणि खडू शाळेच्या अनुदानातून घेतले. त्यासाठी पावती दुकानदाराकडून शाळेच्या नावाने घ्यावी लागते, ती सुट्या कागदावर चालत नाही.

दिवाळीच्या सुट्टीच्या आधल्या दिवशी मी तिन्ही गजर बंद केले, कारण सुट्टीत रोज वाजणारा गजर न पाहता बंद करण्याची सवय लागते आणि ती शाळा सुरू झाल्यावर सुटत नाही. त्याऐवजी सुट्टी संपण्याच्या दोन दिवस आधीचा एक गजर लावला आणि त्याचे नाव ‘बाहेरच्या वस्तू’ ठेवले. दुसऱ्या सत्रात दिवस लहान असल्यामुळे दुकान लवकर बंद होते, म्हणून बाहेरच्या वस्तूंची शनिवारची यादी आता शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत होते, आणि साडेसहाचा गजर सहावर आणला आहे.